वाळीत टाकलेला माणूस आणि धर्मनिरपेक्षतेचे नमुने

राज्यशास्त्राच्या वर्गात धर्मनिरपेक्षता शिकवायला घेतली की फळ्यावर बहुतेक वेळा एक आडवी रेघ येते. डाव्या टोकाला अमेरिका आणि फ्रान्स: धर्म आणि राज्य यांच्यात भिंत, कुणी कुणाच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही. उजव्या टोकाला सर्वधर्मसमभाव: राज्यानं सगळ्या धर्मांना सारखा मान द्यायचा, सगळ्यांच्या सणांना सुट्टी द्यायची. मधे कुठंतरी भारत. विद्यार्थ्यांना ही रेघ आवडते, कारण उत्तरपत्रिकेत ती काढता येते आणि तपासणाराही खूश होतो.

माझा या रेघेवर आक्षेप आहे. सगळा प्रश्न अंतराचा आहे, राज्य धर्मापासून किती हात लांब उभं राहतं एवढाच काय तो फरक, असा समज ती करून देते. हा समज मुंबईतल्याच एका खटल्यावर तपासून पाहावा. एखाद्या माणसाला त्याच्या धर्मसमुदायानं वाळीत टाकलं, तर राज्यानं काय करायचं? या प्रश्नावर रेघेची दोन्ही टोकं एकच उत्तर देतात, आणि ते उत्तर त्या माणसाच्या काही कामाचं नसतं.

खटला असा. १९४९ साली बाळासाहेब खेरांच्या सरकारच्या काळात मुंबई प्रांतात बहिष्कारबंदीचा कायदा झाला. जेमतेम काही कलमांचा हा कायदा, पण त्यातल्या व्याख्या वाचण्यासारख्या आहेत. जन्मानं, धर्मांतरानं किंवा एखाद्या धर्मविधीमुळं एकाच धर्माचे किंवा पंथाचे ठरणारे लोक म्हणजे समुदाय, आणि त्यात जात व पोटजातही धरली होती. म्हणजे कायदा कुण्या एका धर्मासाठी नव्हता. दिवाणी दाव्यानं मिळवता येतील असे हक्क काढून घेऊन एखाद्याला समुदायातून बाहेर काढणं म्हणजे बहिष्कार. या हक्कांत पदाचा आणि मालमत्तेचा हक्क होता, प्रार्थनास्थळात उपासना करण्याचा होता, आणि दफनाचा किंवा दहनाचाही होता. असा बहिष्कार कायद्यानं निरर्थक ठरवला आणि बहिष्कार घालणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला.

दाऊदी बोहरा समाजातल्या एका गृहस्थानं याच कायद्याचा आधार घेतला. त्याला पूर्वी दोनदा बहिष्कृत केलं गेलं होतं. ते आदेश आता रद्दबातल आहेत आणि समाजाच्या मशिदी, कबरस्तान वगैरेंवर आपला हक्क शाबूत आहे, असं जाहीर करून घेण्यासाठी तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. समाजाचे एक्कावन्नावे दाई म्हणजे धर्मप्रमुख सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांची बाजू अशी होती: प्रत्येक बोहरा वयात येताना मिसाक म्हणजे निष्ठेची शपथ घेतो, दाई हे इमामाचे प्रतिनिधी असतात, आणि शपथ मोडणाऱ्याला समुदायाबाहेर काढण्याचा त्यांचा अधिकार हा आमच्या श्रद्धेचाच भाग आहे. उच्च न्यायालयात न्या. जे. सी. शहा यांनी आणि अपिलात मुख्य न्यायाधीश छागला यांच्या खंडपीठानं कायदा वैध ठरवला. पुढं वादी वारला. तेव्हा सय्यदनांनी थेट सर्वोच्च न्यायालयात रिट अर्ज केला आणि जानेवारी १९६२ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला.

बहुमताचा युक्तिवाद साधा आहे. घटनेच्या कलम २६ (ख) नुसार प्रत्येक धर्मपंथाला धार्मिक बाबतीत आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क आहे. पंथाची शिस्त टिकवण्यासाठी, श्रद्धेच्या मूळ तत्त्वांपासून ढळलेल्याला बाहेर काढणं हा त्या कारभाराचाच भाग. कलम २५ (२) (ख) राज्याला समाजसुधारणेची मुभा देतं हे खरं, पण निव्वळ धार्मिक कारणासाठी घातलेला बहिष्कार बंद करणं म्हणजे समाजसुधारणा नव्हे. न्या. अय्यंगार यांनी वेगळं निकालपत्र लिहून भर घातली, की सुधारणेच्या नावाखाली धर्माची ओळखच पुसून टाकण्याची परवानगी घटना देत नाही.

आता रेघेची डावी बाजू पाहू. कडेकोट विभक्ततेच्या पायावर उभ्या असलेल्या न्यायालयासमोर हा बोहरा गृहस्थ गेला असता तर? अमेरिकेत १९८७ साली असाच एक खटला झाला. यहोवाज् विटनेसेस पंथ सोडलेल्या एका बाईशी तिच्या पंथातल्या जुन्या मैत्रिणींनी पंथाच्या आदेशावरून बोलणंच टाकलं. संघराज्याच्या अपील न्यायालयानं सांगितलं, की हा अबोला त्यांच्या धर्माचरणाचा भाग आहे आणि त्याबद्दल नुकसानभरपाई मागता येणार नाही. दोनच वर्षांनी ओक्लाहोमा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मात्र एक बारीक भेद केला. कॉलिन्सव्हिल गावातल्या एका चर्चनं तिथल्या सभासद बाईचं खासगी आयुष्य भर सभेत उघडं केलं होतं. न्यायालय म्हणालं, ती सभासद असेपर्यंत चर्चनं जे केलं त्यात आम्ही हात घालणार नाही. पण तिनं राजीनाम्याचं पत्र दिल्यानंतर जे केलं, त्याबद्दल ती दाद मागू शकते.

या दुसऱ्या निकालात विभक्ततेच्या नमुन्याचा गाभा आहे. धर्मसंस्था ही स्वेच्छेनं जमलेल्या माणसांची मंडळी आहे, आत असाल तर तिचे नियम पाळा, पटत नसेल तर दार उघडं आहे. म्हणजे हा सगळा नमुना त्या उघड्या दारावर उभा आहे. कॉलिन्सव्हिलसारख्या छोट्या गावातही ते दार होतं, कारण चर्च सोडल्यावर बाईचं लग्न, वारसा आणि कबर ही चर्चच्या ताब्यात नव्हती.

भेंडीबाजारातलं दार तसं नव्हतं, आणि फक्त बोहऱ्यांचंच नव्हतं. आपल्याकडं माणूस समुदायात जन्मतो, त्याच्या कायद्यानं लग्न करतो, त्याच्याच जमातखान्यात जेवणावळी घालतो, त्याच मोहल्ल्यात त्याचं दुकान असतं आणि गिऱ्हाईकही तिथलंच असतं. बहिष्कृताच्या बायकोनं, भावानं, व्यापारातल्या भागीदारानं त्याच्याशी संबंध ठेवला तर त्यांच्यावरही आफत. माजी न्यायमूर्ती नथवानी यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं १९७९ च्या अहवालात नेमकं हेच नोंदवलं. हा आयोग सरकारी नव्हता, जयप्रकाशांच्या ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’नं नेमला होता. सरकार या भानगडीत पडायला तयार नव्हतं, हेही त्यातून कळतंच.

विभक्ततेचं धोरण आपल्याकडं कधी नव्हतंच असं समजू नये. कंपनी सरकारनं ते बरोबर अमलात आणलं होतं. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन दोनच्या एकविसाव्या कलमानं दिवाणी न्यायालयांना जातीच्या प्रश्नांत पडायला मनाई केली. अब्रूनुकसानीचा दावा तेवढा ऐकावा, बाकी जात आणि तिचे पंच बघून घेतील. या धोरणात धर्मस्वातंत्र्याची कळकळ किती आणि झंझट नको ही व्यापारी अक्कल किती, हा भाग वेगळा. परिणाम असा झाला, की ग्रामण्याला, म्हणजे जातीनं घातलेल्या बहिष्काराला, राज्याची मूक संमती मिळाली. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचं निमित्त होऊन रानडे-टिळकांपर्यंतच्या मंडळींवर ग्रामण्य आलं. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होऊ शकणाऱ्या रानड्यांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं, आणि ते कोणत्याही कोर्टाच्या हुकमावरून नव्हे. इतक्या मोठ्या माणसांचं असं झालं, तर अलुतेदार-बलुतेदारांचं काय होत असेल याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

उजव्या टोकाला गेलो तर काही वेगळं हाती लागेल का? सर्वधर्मसमभावाचं राज्य भिंत बांधत नाही, ते सगळ्यांच्या घरी जातं, सगळ्यांचा प्रसाद घेतं. पण मान देताना ते कुणाला देतं हे पाहायला हवं. समभाव धर्माधर्मांमध्ये असतो. म्हणजे राज्यासमोर धर्म हा एक अखंड गट म्हणून उभा राहतो आणि गटाच्या वतीनं बोलायला कुणीतरी लागतो. तो कोण, तर दाई, महंत, बिशप, जातीचा पंच. बहिष्कृत माणूस त्या गटाचा प्रतिनिधी कधीच नसतो. मग समभाव ठेवणारं राज्य फार तर एवढंच विचारतं, की हिंदूंच्या मठाला हा अधिकार आहे ना, मग बोहऱ्यांच्या दाईंनाही असू द्या. न्याय दोन पीठांमध्ये झाला. पीठासमोर उभा असलेला माणूस तिथंच राहिला.

म्हणूनच रेघ फसवी आहे असं मी म्हणतो. भिंतवाला म्हणतो, आत काय चाललंय ते मी पाहणार नाही. समभाववाला म्हणतो, आत जे चाललंय त्याला मी सारखाच नमस्कार करीन. दोघांनाही धर्म दिसतो, धर्मातला माणूस दिसत नाही. धर्म आणि राज्य या संबंधात पाहण्यासारख्या गोष्टी दोन आहेत: एका धर्माचं दुसऱ्यावर वर्चस्व, आणि एकाच धर्मात वरच्यांचं खालच्यांवर वर्चस्व. समभावाला पहिली दिसते. अमेरिकी विभक्तता बऱ्याच अंशी पंथापंथांच्या भांडणातून आली, म्हणून तिलाही पहिलीच दिसते. भारतातलं घटनाकारांचं दुखणं मात्र दुसऱ्या गोष्टीचंही होतं, कारण अस्पृश्यता त्यांच्यासमोर होती.

संविधान सभेत हे दोन्ही विचार मांडले गेले होते. मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेले के. टी. शहा यांनी डिसेंबर १९४८ मध्ये अशी दुरुस्ती सुचवली, की सेक्युलर असलेल्या भारतीय राज्याला कोणत्याही धर्माशी कर्तव्य नसावं. ती फेटाळली गेली. त्याच्या आदल्याच दिवशी, व्यक्तिगत कायद्यांवरच्या चर्चेत, डॉ. आंबेडकरांनी सभेला सांगितलं होतं, की या देशात धर्माच्या कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळं आयुष्य व्यापतात आणि धर्माला एवढं विशाल अधिकारक्षेत्र का द्यावं हे आपल्याला समजत नाही. शहांच्या दुरुस्तीचा आणि आंबेडकरांच्या बोलण्याचा रोख एकच वाटतो, पण त्यांत मोठा फरक आहे. शहांना राज्यानं बाजूला व्हायला हवं होतं. आंबेडकरांना धर्मानं काही जागा सोडायला हवी होती, आणि त्यासाठी राज्यानं बाजूला होऊन चालणार नव्हतं. कलम २५ मधल्या सुधारणेच्या अपवादामागं आणि अस्पृश्यताबंदीच्या कलम १७ मागं हीच दृष्टी आहे. राजकीय विचारवंत राजीव भार्गव ज्याला तत्त्वनिष्ठ अंतर म्हणतात तो नमुना हाच. राज्यानं जवळ जावं की लांब राहावं हे आधी ठरलेलं नाही, कुठल्या बाजूनं माणसाची मान मोकळी होते ते पाहून ठरवायचं.

१९६२ च्या निकालात ही दृष्टी फक्त एका माणसाकडं होती, मुख्य न्यायाधीश बी. पी. सिन्हा यांच्याकडं. त्यांचं मत अल्पमतात गेलं. त्यांनी बहिष्काराच्या परिणामांकडं पाहिलं. ज्याला मशीद नाही, कबरस्तान नाही, ज्याच्याशी कुणी व्यवहार करायचा नाही, तो माणूस अस्पृश्याच्या जवळपास पोचतो. मग हा कायदा कलम १७ च्या वाटेवरचाच आहे. आणि ज्या कृतीनं दिवाणी हक्क जातात, ती निव्वळ धार्मिक बाब राहत नाही.

मला सिन्हांचा निष्कर्ष पटतो. पण त्यात एक अडचण आहे आणि ती वर्गात झाकून ठेवू नये. १९४९ चा कायदा सरसकट होता. शिक्षा म्हणून वाळीत टाकणं आणि श्रद्धा सोडलेल्याला ‘तू आता आमच्यातला नाहीस’ म्हणणं, यात तो फरक करत नव्हता. समजा एखाद्यानं उघडपणे दाईंचं दाईपण नाकारलं. त्याला श्रद्धावंत म्हणत राहा, अशी सक्ती राज्यानं समुदायावर करावी का? मी म्हणेन, नाही. मंडळी म्हणून जमण्याच्या हक्कात काहींना आत न घेण्याचा हक्क असतोच. बहुमताच्या निकालातला खरा मुद्दा एवढाच होता, आणि तो खोटा नाही. चूक पुढं झाली. श्रद्धेचं सभासदत्व काढून घेण्याचा अधिकार मान्य करताना त्याच्या शेपटीला बांधलेलं बाकी सगळं आयुष्यही बहुमतानं देऊन टाकलं.

ही गाठ सोडवायची तर हुकमाचे परिणाम एकेक करून वेगळे ठेवावे लागतात. मिसाकपासून मुक्त केलं, धर्मसभेत बसू दिलं नाही, हे श्रद्धेचं. राज्यानं हात लावू नये. भावानं भावाशी स्वतःहून बोलणं टाकलं. तेही त्याचं स्वातंत्र्य, कितीही वाईट असलं तरी. पण ‘बोललास तर तुलाही काढू’ असा हुकूम भावाला देणं ही जबरदस्ती झाली, तिथं राज्यानं पडावं. निकाहाला दाईंची रझा म्हणजे परवानगी मिळाली नाही, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची वाट आहे, म्हणजे इथं राज्यानं पर्यायी दार आधीच करून ठेवलंय. दुकानावर बहिष्कार टाकायला लावणं तर श्रद्धेत कुठंच बसत नाही.

सगळ्यात कठीण जागा कबरीची आहे. दफन हा धार्मिक विधी आहे आणि प्रेत ही सार्वजनिक बाबही आहे. मृतांच्या व्यवस्थेची जागा पुरवणं हे मुंबई महापालिकेचं १८८८ च्या कायद्यानुसार कर्तव्यच आहे. कुणी म्हणेल, मग पालिकेच्या जागेत पुरा, समुदायाच्या कबरस्तानाचा हट्ट कशाला? विभक्ततेच्या नमुन्यातून आलेलं हे चोख उत्तर आहे. मला ते अपुरं वाटतं. ज्या कबरस्तानात त्याचे आईबाप आहेत, ज्याच्यासाठी त्यानंही वर्गणी भरली असेल, ते बहुधा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदवलेलं असतं, धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली असतं. सार्वजनिक म्हणून नोंदणी करायची आणि लाभार्थी खासगीत ठरवायचे, हे कायद्याला चालू नये. विधी कोण करील, कोणती दुआ म्हणतील, हे समुदायानं ठरवावं. जमीन मात्र नाकारता येऊ नये. बहुसंख्य धर्माच्या जातवार स्मशानांनाही हाच नियम, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण नियम नेमके तिथंच विसरले जातात.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. राज्य हे हवेत तरंगणारं तत्त्व नाही, ते कुणाच्या तरी बहुमतावर उभं असतं. त्याला धर्माच्या आत शिरायची मुभा दिली, तर ते अल्पसंख्याकांच्याच घरात आधी शिरेल, सुधारणेच्या नावानं. ही भीती मी झटकणार नाही, गेल्या काही वर्षांत ती वाढलीच आहे. म्हणून मी कायद्याच्या व्याप्तीकडं पाहतो. १९४९ च्या कायद्यानं जात आणि पोटजातही धरली होती, म्हणजे बहुसंख्याकांच्या घराचं दारही त्यात उघडलं होतं. आणि १९६२ च्या निकालाची एक बाजू फारशी बोलली जात नाही. एका पंथाच्या हक्कासाठी दिलेल्या या निकालानं कायदाच निष्प्रभ झाला आणि त्याचा फायदा महाराष्ट्रातल्या जातपंचायतींना आणि गावक्यांना झाला. कोकणात गावकीनं एखाद्या घराला वाळीत टाकलं, पाणी-दळण बंद केलं, कुणी बोललं तर दंड लावला, तरी पोलिसांकडं नेमकं कलम नसायचं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जातपंचायतींविरुद्ध मोहीम चालवली, आणि २०१६ मध्ये विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधली चोपन्न वर्षं या राज्यात वाळीत पडलेल्यांची मुख्यतः हिंदू घरं होती आणि त्यांच्या वाट्याला आलेला निकाल बोहऱ्यांच्या खटल्यातला होता.

नव्या कायद्यानंही सगळं सुटत नाही. बहिष्काराचा ठराव कुणी लिहून ठेवत नाही. लग्नाची पत्रिका येत नाही, दुकानात ‘माल संपला’ म्हणतात, आणि साक्षीदार व्हायचं तर त्याच वस्तीत राहून व्हावं लागतं. खटला उभा राहिलाच तर समेटासाठी दबाव असतो.

बोहरा समाजातल्या सुधारकांच्या मंडळानं १९६२ चा निकाल फिरवून घेण्यासाठी १९८६ मध्येच सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांनी तो प्रश्न शबरीमला प्रकरणातल्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडं सोपवला. कलम २६ चा हक्क कलम २१ मधल्या सन्मानानं जगण्याच्या हक्काशी ताडून पाहायला हवा, असं म्हणत. नवा कायदा आल्यामुळं आता हा वाद उरलाच नाही, हा युक्तिवाद तिथं चालला नाही. ते बरं झालं, कारण जुना निकाल जागेवर असताना नव्या कायद्यालाही त्याच कलम २६ च्या आधारानं आव्हान देता येतं.

नऊ न्यायाधीश पुन्हा ‘ही प्रथा त्या धर्मात अत्यावश्यक आहे का’ या प्रश्नात शिरले, तर निकाल कुठल्याही बाजूनं लागो, मला तो कच्चा वाटेल. १९५४ पासून आपल्या न्यायालयांनी स्वतःला ही सवय लावून घेतली आहे. न्यायमूर्ती धर्मग्रंथ उघडतात आणि श्रद्धेचा गाभा कुठला, टरफल कुठलं ते ठरवतात. दाईंचा अधिकार बोहरा श्रद्धेचा गाभा आहे असं म्हटलं तरी दुकान आणि कबर यांचा प्रश्न तसाच राहतो, आणि गाभा नाही म्हटलं तर न्यायालयानं एका समुदायाला त्याचा धर्म शिकवला असं होतं. त्याऐवजी प्रथेला गाभ्याचा मान देऊन मोकळं व्हावं आणि एवढंच विचारावं, की तिच्या हुकमामुळं या माणसाचं धर्माबाहेरचं नेमकं काय काय गेलं.